व्हीएफडीने पंख्याचा वेग निम्मा केला आणि बेअरिंग जास्त तापले: गरम शाफ्टची उष्णता हवेत किती जाते?

प्रश्न: बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत आमच्या ड्रायरवर गरम हवेचा पंखा आहे. शाफ्ट ८० मिमी, ईएन-८ पोलादाचा. आतली हवा २५० अंशांची. केसिंग ते पहिले बेअरिंग अंतर २५० मिमी. मोटर कपलिंगने थेट जोडली आहे. वीज वाचवायला मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी बसवला आणि १४५० आरपीएमवरून ७२५ वर आणले. वेग कमी म्हणजे बेअरिंग थंड राहील असे वाटले होते, पण ते ७६ वरून ८३ अंशांवर गेले. शॉपमधले तापमान दोन्ही वेळी ४० च्या आसपासच होते. हळू फिरल्यामुळे शाफ्ट हवेला उष्णता कमी देतो का? गुणांक वेगाबरोबर नेमका कसा बदलतो? आणि शाफ्टवर कूलिंग डिस्क लावावी का?

उत्तर:

हो, कमी देतो. तुमच्या शाफ्टच्या पृष्ठभागावरचा उष्णता-संक्रमण गुणांक १४५० आरपीएमला साधारण २८ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश होता, तो ७२५ ला १८ झाला. म्हणजे वेग निम्मा केला तरी गुणांक निम्मा होत नाही, तो एक-तृतीयांशाने घटतो. पण ही घट बेअरिंगपर्यंत पोचते तेव्हा तिचा परिणाम जेमतेम एका अंशाचा उरतो. तुमचे सात अंश वाढलेत, त्यामुळे बाकीचे सहा अंश दुसरीकडे शोधावे लागतील. ते कुठे असतील याचा माझा अंदाज पुढे देतो. आधी गुणांकाचे बघू, कारण तो हिशेब नीट झाल्याशिवाय शाफ्टला दोष द्यायचा की नाही हेच ठरत नाही.

स्थिर हवेत गरम शाफ्ट फिरतो तेव्हा त्याला चिकटलेली हवा त्याच्याबरोबर गोल फिरते. ती पुढे जाते, पण शाफ्टपासून लांब जात नाही. एका वर्तुळातली हवा त्याच वर्तुळात फिरत राहिली तर ती उष्णता बाहेर नेऊच शकत नाही. म्हणून अगदी हळू फिरणाऱ्या शाफ्टला फिरण्याचा काहीच फायदा मिळत नाही. तिथे उष्णता नेण्याचे काम गरम होऊन वर चढणारी हवाच करते, जशी ती थांबलेल्या शाफ्टवरही करते. उलट, शाफ्टची एक बाजू वर जाणाऱ्या हवेला साथ देते आणि दुसरी विरोध करते, त्यामुळे अगदी कमी वेगांवर गुणांक किंचित घसरलेलाही दिसू शकतो.

वेग एका मर्यादेपलीकडे गेला की हा गोल फिरणारा थर फुटतो आणि त्यात भोवरे तयार होतात. भोवरे गरम हवा बाहेर फेकतात आणि थंड हवा शाफ्टपर्यंत आणतात. इथून पुढे वेगाचे राज्य सुरू होते. ही मर्यादा अँडरसन आणि साँडर्स यांनी १९५३ मध्ये प्रयोगाने मांडली: शाफ्टच्या पृष्ठभागाच्या वेगावरून काढलेला रेनॉल्ड्स अंक हा ग्रॅशॉफ अंकाच्या वर्गमुळाच्या १.०९ पटीपेक्षा मोठा हवा. आकडेमोडीत न शिरता याचा अर्थ असा, की पृष्ठभागाचा वेग गरम हवेच्या वर चढण्याच्या वेगाहून जास्त झाला पाहिजे. तुमच्या शाफ्टसाठी, केसिंगजवळचे तापमान १८० अंश धरले, तर वर चढणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या थोडा वर येतो. पृष्ठभागाचा तेवढा वेग ८० मिमी शाफ्टला साधारण १४० आरपीएमला मिळतो. ७२५ त्याच्या बराच वर आहे, म्हणून तुमचा पंखा दोन्ही वेळी वेगाच्याच राज्यात होता.

जाता जाता एक गोष्ट. मोठ्या रोटरी ड्रायरच्या नळकांड्याला हीच कसोटी लावली तर उत्तर उलटे येते. व्यास एक-दीड मीटर, वेग मिनिटाला तीन-चार फेरे. पृष्ठभाग सेकंदाला पाव मीटरच्या आसपासच सरकतो, आणि गरम हवा मात्र दीड-दोन मीटरने वर जात असते. तिथे फिरण्याचा हिशेब करायचाच नाही, नळकांडे थांबलेलेच आहे असे धरायचे.

आता सूत्र. मी केज आणि बियॉर्कलुंड यांचे १९५८ चे सूत्र वापरतो, कारण त्यात फिरणे, बाहेरचा वारा आणि वर चढणारी हवा ही तिन्ही एकाच कंसात येतात:

```
Nu = 0.135 * [ (0.5*Re^2 + Rs^2 + Gr) * Pr ]^(1/3)
Re = pi * D^2 * N / nu     (N: rev/s)
Rs = U * D / nu            (U: m/s)
h  = Nu * k / D
```

पहिला रेनॉल्ड्स अंक फिरण्याचा, दुसरा आडव्या वाऱ्याचा, तिसरा ग्रॅशॉफ अंक. Pr हा हवेचा प्रँटल अंक. हवेचे गुणधर्म शाफ्ट आणि शॉप यांच्या मधल्या तापमानाला घ्यायचे. १८० आणि ४० च्या मध्ये ११० अंश येतात. तिथे हवेची गतिक श्यानता २४.५ × १०⁻⁶ चौरस मीटर प्रति सेकंद आणि उष्णतावाहकता ०.०३२५. १४५० आरपीएम म्हणजे सेकंदाला २४.१७ फेरे, पृष्ठभागाचा वेग ६.१ मीटर प्रति सेकंद आणि रेनॉल्ड्स अंक सुमारे १९,८००. ग्रॅशॉफ अंक सुमारे ३१ लाख. वारा शून्य धरून नुसेल्ट अंक ७० येतो आणि गुणांक २८. तसेच ७२५ ला १८, ३०० ला ११ आणि शाफ्ट थांबल्यावर ७. वेग मोठा असतो तेव्हा कंसातला पहिला आकडाच वरचढ ठरतो, आणि गुणांक वेगाच्या दोन-तृतीयांश घाताने बदलतो. वेग दुप्पट तर गुणांक १.५९ पट, वेग निम्मा तर ०.६३ पट. लक्षात ठेवायला एवढे पुरते. वेग उतरत ३०० च्या खाली गेला की हा नियम सैल पडतो, कारण तिथे वर चढणाऱ्या हवेचा वाटा डोके वर काढतो आणि गुणांक शून्याकडे न जाता सातवर येऊन थांबतो.

या आकड्यांवर पंधरा-वीस टक्के इकडेतिकडे धरूनच चाला. प्रयोग स्वच्छ, लांब, मोकळ्या नळकांड्यांवर झालेले आहेत. तुमच्या शाफ्टला एका बाजूला केसिंगची भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूला प्लमर ब्लॉक, म्हणजे बेअरिंगचे हाउसिंग.

पुष्कळ जण इथे वाऱ्यात आडव्या धरलेल्या पाइपचे सूत्र वापरतात आणि वाऱ्याच्या जागी पृष्ठभागाचा वेग घालतात. तुमच्या शाफ्टसाठी तसे केले तर १४५० ला ३१ येतात, २८ च्या जवळच, त्यामुळे ते बरोबर वाटते. हा निव्वळ योगायोग आहे. पाइपवरून वाहणारी हवा एकदा गरम होऊन निघून जाते. फिरत्या शाफ्टची हवा त्याच्याभोवतीच घुटमळते. रेनॉल्ड्स अंक लाखाच्या घरात गेला की पाइपचे सूत्र वीस टक्क्यांच्या आसपास जास्त उत्तर देते. मोठ्या व्यासाच्या वेगवान रोलला ते लावले तर तो प्रत्यक्षात हिशेबापेक्षा गरम निघतो.

हवेखेरीज प्रारणानेही उष्णता जाते, आणि तिला फिरण्याशी काही देणेघेणे नाही. लेथवर घेतलेल्या, थोड्या मळलेल्या शाफ्टची उत्सर्जकता ०.३ धरली तर सरासरी तापमानाला प्रारणाचा वाटा ३ येतो. उष्णता सहन करणारा काळा रंग दिला तर तोच ८-९ पर्यंत जातो. १४५० ला २८ मध्ये ही भर तीस टक्क्यांच्या आसपास. थांबलेल्या शाफ्टच्या ७ ला मात्र ती दुपटीहून जास्त करते. सीलखालची आणि बेअरिंगची जागा सोडून शाफ्टला काळा रंग देणे हा म्हणून स्वस्तातला चांगला उपाय आहे, विशेषतः वेग वारंवार कमी करणाऱ्या पंख्यांना.

आता मुख्य भाग: शाफ्टवरून बेअरिंगपर्यंत काय पोचते. केसिंगपासून बेअरिंगपर्यंतचा तुकडा ही एक गोल फिन आहे. मुळाशी १८० अंश, वाटेत हवा उष्णता काढून घेते, आणि उरलेली बेअरिंगला मिळते. तिथे तिच्यात बेअरिंगच्या घर्षणाची उष्णता मिसळते, आणि दोन्ही मिळून हाउसिंगमधून शॉपच्या हवेत जातात. ईएन-८ ची उष्णतावाहकता ५० धरली. घर्षण, तुमचा भार हलका असावा असे मानून, १४५० ला २५ वॅट आणि ७२५ ला १२ वॅट. हाउसिंग आणि त्याखालचा पाया मिळून दर अंशाला २ वॅट सोडतात असे धरले.

या आकड्यांनी १४५० ला बेअरिंग ७६ अंशांवर बसते, म्हणजे तुमच्या नोंदीशी जुळते. मग वेग निम्मा केला आणि बाकी सगळे तसेच ठेवले, तर उत्तर येते ७७. शाफ्ट हवेला कमी देतो म्हणून बेअरिंगकडे जास्त येते, हे खरे. पण त्याच वेळी घर्षण निम्म्यावर उतरते आणि हाउसिंग आपले काम करतच असते. तिन्हींचा ताळेबंद मांडला की एक अंश उरतो. भार जास्त असता, घर्षण ६० वॅट असते, तर वेग कमी केल्यावर बेअरिंग चार अंशांनी थंडच झाले असते. एखाद्या कारखान्यात व्हीएफडीनंतर बेअरिंग थंड होते आणि दुसरीकडे गरम, असे अनुभव आपण ऐकतो, त्याचे मूळ या दोन बाजूंच्या ओढाताणीत आहे.

मग सात अंश कसे? याच हिशेबात मी फक्त हाउसिंगचा आकडा बदलला: २ ऐवजी १.५. बेअरिंग थेट ८३ वर गेले. म्हणून माझा पहिला संशय शाफ्टच्या हवेवर नसून हाउसिंगच्या हवेवर आहे. तुमची मोटर थेट कपलिंगला आहे. अशा बंद मोटरचा पंखा मागच्या टोकाला असतो आणि फिन्सवरून पुढे, कपलिंगकडे हवा फेकतो. पूर्ण वेगाला ती हवा कपलिंग ओलांडून प्लमर ब्लॉकला लागत असते, आणि बेअरिंग निम्मे तिच्यामुळे थंड राहिलेले असते. व्हीएफडीवर मोटरचा पंखाही निम्म्या वेगाला आला, झोत मंदावला, आणि हाउसिंग उघडे पडले. मोटरची कवच-तापमानेही याच कारणाने तपासून घ्या.

हे तपासायला काही मोडतोड लागत नाही. ७२५ वर चालू ठेवून एक पेडस्टल पंखा फक्त हाउसिंगवर सोडा, शाफ्टवर झोत जाणार नाही असा पुठ्ठा मध्ये धरून. बेअरिंग स्थिर व्हायला तास-दीड तास द्या. ओतीव लोखंडाचे हाउसिंग चटकन उतरत नाही. तापमान ७५-७७ वर आले तर मोटरच्या झोताचेच काम होते. नाही आले, तर दुसरा संशय पकडा: केसिंगमधून शाफ्ट बाहेर येतो त्या भोकातून गरम हवा बाहेर फुंकली जाते का. वेग बदलला आणि डँपर वेगळ्या जागी उघडले की केसिंगच्या पाठच्या बाजूचा दाब बदलतो, आणि पूर्वी आत ओढणारे भोक बाहेर फेकू लागते. एक अगरबत्ती लांब तारेला बांधून भोकाजवळ धरा. धूर आत जातो की बाहेर उडतो हे लगेच दिसते. बाहेर उडत असेल तर शाफ्टभोवतीची हवा ४० ची राहिलेलीच नाही, ती शंभरची असू शकते, आणि मग वरचे सगळे गुणांक उलट काम करतात: जितका गुणांक जास्त, तितका शाफ्ट जास्त तापतो. अशा वेळी ग्लँडची दोरी किंवा सीलची प्लेट नीट करणे हाच इलाज. शाफ्टवरचे गार्ड बंद पत्र्याचे असेल तर तेही बघा. आतली हवा कोंडून तापते. तिथे जाळीचे गार्ड हवे.

एक सावधगिरी मोजण्याबद्दल. चकचकीत शाफ्टवर इन्फ्रारेड गन मारून तापमान घेऊ नका. गन ०.९५ उत्सर्जकता धरून बसलेली असते आणि चकचकीत पोलाद तिला खूपच थंड दिसते. १८० चा शाफ्ट शंभराच्या जवळपास दाखवू शकते. यंत्र बंद असताना केसिंगजवळ आणि बेअरिंगजवळ दोन बोटे रुंदीचा मॅट काळ्या रंगाचा पट्टा मारा, वाळू द्या, आणि चालू असताना त्या पट्ट्यांवरच मोजा. वरच्या हिशेबातले १८० हा माझा अंदाज आहे. तुमचा मुळाचा आकडा १५० निघाला किंवा २१० निघाला, तर पुढचे सगळे त्या प्रमाणात सरकेल.

वेग निम्मा होण्यापेक्षा मला पंखा थांबण्याची काळजी जास्त वाटते. थांबल्या क्षणी शाफ्टचा गुणांक १८ वरून ७ वर येतो, मोटरचा झोत बंद होतो, आणि आत इम्पेलर व केसिंग अजून २५० च्या घरात असतात. घर्षण नसूनही बेअरिंगचे तापमान थांबल्यानंतर चढते. ग्रीसचे आयुष्य सत्तर अंशांच्या वर दर पंधरा अंशांना निम्मे होते, हा बेअरिंगवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. रोज संध्याकाळी गरम पंखा झटकन बंद करणाऱ्यांचे ग्रीस या अर्ध्या-पाऊण तासात भाजते. हीटर आधी बंद करा, आतली हवा शंभराच्या खाली येईपर्यंत पंखा फिरत ठेवा, मग थांबवा. वीज गेली तर काय, हा प्रश्न उरतो. तिथे बाहेरच्या वाऱ्याचा उपयोग बघा. सूत्रात सेकंदाला २ मीटरचा वारा घातला तर फिरणाऱ्या शाफ्टचा गुणांक १८ वरून २२ होतो, पण थांबलेल्याचा ७ वरून १७. म्हणजे वेगळ्या लाइनवरचा छोटा पंखा चालत्या शाफ्टला थोडी मदत करतो आणि थांबलेल्याला दुपटीहून जास्त.

शेवटी कूलिंग डिस्क. लावावी, पण हाउसिंगचा शोध घेतल्यानंतर. ३०० मिमी व्यासाची अ‍ॅल्युमिनियमची डिस्क दोन्ही तोंडे मिळून ०.१३ चौरस मीटर देते. तुमचा उघडा शाफ्ट जेमतेम ०.०६३ देतो. फिरती डिस्क मधून हवा ओढून कडेने फेकते, म्हणून तिथे वेगाचा नियमही वेगळा: प्रवाह शांत असेपर्यंत गुणांक वेगाच्या वर्गमुळाने बदलतो. १४५० ला साधारण २६, ७२५ ला १९. दर अंशाला डिस्क ३.४ आणि २.५ वॅट सोडते. त्याच वेळी उघडा शाफ्ट, प्रारण धरून, १.९ आणि १.३. म्हणजे कमी वेगालाही डिस्क शाफ्टच्या जवळजवळ दुप्पट काम करते. थांबल्यावर मात्र तिचा पंखा होत नाही, नुसती फिन उरते.

डिस्क फसते ती बसवण्यात. ती दोन अर्ध्या तुकड्यांत शाफ्टवर आवळतात. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ८० मिमी बोअरला शंभर अंश चढले की डिस्कचे भोक शाफ्टपेक्षा नऊ शतांश मिलिमीटरने मोठे होते. शाफ्ट थंड असताना घट्ट आवळलेली डिस्क गरम झाल्यावर सैल पडते, मधे हवेची फट राहते, आणि उष्णता डिस्कपर्यंत चढतच नाही. बडोद्याच्याच एका कारखान्यात मी अशी डिस्क बघितली आहे: दिसायला सुंदर, कोमट, आणि बेअरिंग तसेच तापलेले. उघडल्यावर शाफ्टवर लालसर भुकटी आणि घासलेला चकचकीत पट्टा होता. बोअर शाफ्टला हळूच बसेल इतके काटेकोर काढा, दोन अर्ध्यांमध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटरची फट ठेवा म्हणजे बोल्ट ओढले की पकड येईल, आणि बोल्टखाली डिस्क-स्प्रिंग वॉशर घाला, जे गरम झाल्यावरही ताण धरून ठेवतात. डिस्क केसिंगच्या बाजूला बसवा, बेअरिंगला चिकटवून नको. जितकी गरम जागा, तितकी ती जास्त उष्णता काढते. बसवल्यावर बॅलन्सिंग करून घ्या. पहिल्या आठवड्यात काळ्या पट्ट्यावर डिस्कच्या हबचे आणि शेजारच्या शाफ्टचे तापमान मोजा. दोन्हींत पंधरा-वीस अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर पकड सुटली आहे, बोल्ट पुन्हा बघा.